थंड टोकाचा हिशेब

भट्टी 800 अंश सेल्सियसला पोचली आहे, पण पॅनेलवरचा मीटर 771 दाखवतो. थर्मोकपल नवा आहे, जोड घट्ट आहेत. मग 29 अंश गेले कुठे? ते पॅनेलच्या टर्मिनलवर अडकले आहेत.

क्रोमेल आणि अल्युमेल या मिश्रधातूंच्या दोन तारा टोकाशी जोडल्या, की ‘के’ प्रकारचा थर्मोकपल तयार होतो. त्याच्या तारांत निर्माण होणारा दाब भट्टीचं तापमान सांगत नाही. भट्टीतलं टोक आणि टर्मिनलवरचं टोक यांच्या तापमानातला फरक सांगतो. तक्त्यातला 800 अंशांचा 33.275 मिलिव्होल्ट हा आकडा दुसरं टोक शून्य अंशावर असताना मिळतो. टर्मिनल 30 अंशांवर असेल तर त्यातून 1.203 मिलिव्होल्ट वजा होतात. उरतात 32.072, म्हणजे तक्त्याप्रमाणे सुमारे 771 अंश.

पूर्वी प्रयोगशाळेत हे टोक बर्फाच्या पाण्यात ठेवत. कारखान्यात रोज बर्फ कोण आणणार? तिथे बर्फाचं काम साधा सिलिकॉन डायोड करतो. त्यातून ठरावीक करंट सोडला, की त्याच्यावरचा दाब दर अंशाला सुमारे 2 मिलिव्होल्टने उतरतो. आपल्याला मात्र अंशामागे 41 मायक्रोव्होल्टच हवेत. म्हणून 4.8 किलोओहम आणि 100 ओहमचे रेझिस्टर एकापाठोपाठ जोडून, लहान रेझिस्टरवरचा 49वा हिस्सा घेतात. डायोडचे मूळचे सुमारे 600 मिलिव्होल्टही त्यातून 12 मिलिव्होल्ट होऊन येतात. तेवढा स्थिर दाब ट्रिमरने उलट बाजूने देऊन तो भाग काढून टाकावा लागतो.

खोली तापली की थर्मोकपलचा दाब कमी होतो आणि डायोडचाही. म्हणून डायोडचा हिस्सा अँप्लिफायरमध्ये वजा करायचा: कमी होणारी रक्कम वजा केली, की उत्तरात तेवढीच भर पडते. ही दिशा उलटी लागली तर चूक भरून न निघता दुप्पट होते. अँप्लिफायरने बेरीज 244 पट वाढवली, की अंशामागे 10 मिलिव्होल्ट मिळतात. थर्मोकपलची चाल मात्र अगदी सरळ रेषेत नसते, त्यामुळे 800 अंशांना हे सर्किट सुमारे 812 दाखवतं. ती दुरुस्ती डायोडच्या हातात नाही. तिला तक्ताच लागतो.

बहुतेक घोटाळा जागेमुळे होतो. डायोड ट्रान्सफॉर्मरशेजारी आणि टर्मिनल दाराजवळ असेल, तर तो भलत्याच ठिकाणचं तापमान सांगतो. तो टर्मिनलच्या धातूला चिकटूनच बसायला हवा. कॉम्पेन्सेटिंग केबलऐवजी साधी तांब्याची वायर ओढली, तर थंड टोक भट्टीच्या डोक्यापाशी सरकतं आणि पॅनेलमधला डायोड निरुपयोगी ठरतो.

तपासणी सोपी आहे. थर्मोकपल काढा आणि दोन्ही टर्मिनल तांब्याच्या तारेने जोडा. आता मीटरवर टर्मिनलचंच तापमान दिसायला हवं. शून्य दिसलं, तर भरपाई चालू नाही. नंतर टर्मिनल आणि डायोड दोन्हींवर गरम हवा सोडा: आकडा वर चढायला हवा. खाली गेला, तर डायोडची दिशा उलटी आहे.