रक्त पातळ करणाऱ्या औषधांवरचे उतारे

वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णाच्या मेंदूत रक्तस्राव झाला आहे आणि आयएनआर ५ आला आहे. डॉक्टर १० मिलिग्रॅम व्हिटॅमिन के शिरेतून हळूहळू देतात, पण तेवढ्यावर थांबत नाहीत. हे व्हिटॅमिन वॉरफरिनला पकडत नाही. ते यकृताला गोठणघटक पुन्हा नीट घडवू देतं, आणि त्याला कित्येक तास लागतात. मेंदूला तेवढी सवड नसते. म्हणून सोबत तयार गोठणघटक, म्हणजे पीसीसी, टोचतात. त्याचा असर काही तासांनी ओसरू लागतो, तोवर व्हिटॅमिनचं काम सुरू झालेलं असतं.

हेपॅरिनचं तसं नाही. ते ऋणभारित, प्रोटामिन धनभारित. दोन्ही रक्तातच एकमेकांना चिकटतात आणि पाचेक मिनिटांत हेपॅरिन निकामी होतं. मात्र प्रोटामिन जास्त झालं तर तेच रक्त गोठू देत नाही, आणि भरभर दिलं तर रक्तदाब कोसळतो.

डाबिगाट्रानवर इडारुसिझुमॅब हा प्रतिपिंडाचा तुकडा आहे. डाबिगाट्रान थ्रॉम्बिनला जितकं घट्ट धरतं, त्याच्या सुमारे ३५० पट घट्ट हा तुकडा डाबिगाट्रानला धरतो. वॉरफरिनवर मात्र त्याचा काडीचाही उपयोग नाही. म्हणून रुग्णासोबत त्याच्या गोळ्यांची पट्टी न्यावीच.