बाटली उघडल्यावर मुदत बदलते

अमेरिकी लष्कराच्या कोठारांत युद्ध आणि आपत्तीसाठी औषधांचे मोठे साठे ठेवलेले असतात. मुदत संपली म्हणून ते सगळे दर दोन-तीन वर्षांनी फेकून द्यायचे, तर खर्च प्रचंड होतो. म्हणून १९८६ पासून तिथल्या औषध प्रशासनाने या साठ्यांची तपासणी सुरू केली. या कामाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. एकूण १२२ औषधांचे ३००५ लॉट तपासले होते आणि त्यांपैकी सुमारे ८८ टक्के लॉट छापील तारखेनंतरही किमान वर्षभर वापरता येतील इतके चांगले होते. सरासरी वाढीव आयुष्य साडेपाच वर्षांचे निघाले.

ही बातमी अधूनमधून व्हॉट्सॲपवर फिरते आणि ‘मुदत म्हणजे कंपन्यांचा धंदा’ असा अर्थ लावून लोक मोकळे होतात. पण ते लॉट कंपनीच्या मूळ, न उघडलेल्या पॅकिंगमध्ये होते आणि ठरावीक तापमानाच्या खोलीत ठेवलेले होते. आपल्या घरी औषधांचा डबा फ्रिजच्या डोक्यावर, गॅसजवळच्या फळीवर किंवा बाथरूमच्या कपाटात असतो. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो आणि कोकणात पावसाळाभर हवा ओलीच असते. त्यामुळे लष्करी कोठारातला निष्कर्ष घरातल्या डब्याला जसाच्या तसा लावता येत नाही.

छापील तारखेचा अर्थ मर्यादित आहे. पॅकिंग शाबूत असेल आणि सांगितल्याप्रमाणे ठेवले असेल, तर त्या तारखेपर्यंत औषधाची ताकद टिकेल, अशी ती कंपनीने चाचण्यांच्या आधारे दिलेली हमी असते. पाकिटावर फक्त महिना आणि वर्ष असेल, तर ती मुदत त्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत धरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळीचे विष होत नाही. जुन्या औषधाने थेट इजा केल्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९६३ सालचे आहे. टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाच्या जुन्या, बिघडलेल्या कॅप्सूल घेतल्याने मूत्रपिंडांना इजा झाल्याचे तेव्हा नोंदवले गेले. खरा आणि रोजचा धोका वेगळा असतो. औषध पोटात किंवा शरीरात जाते, पण काम करत नाही आणि आपण मात्र उपचार चालू आहे या समजुतीत राहतो.

डोकेदुखीच्या गोळीच्या बाबतीत याची किंमत फार तर थोडा वेळ डोके दुखत राहणे एवढीच असते. लहान मुलांच्या पातळ प्रतिजैविकात आणि इन्सुलिनमध्ये ती फार मोठी होऊ शकते.

मुलांना सर्रास दिले जाणारे ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटचे ड्राय सिरप घ्या. मेडिकलमधून आणलेल्या बाटलीत कोरडी पूड असते आणि खुणेपर्यंत पाणी घालून ते घरी तयार करावे लागते. खोक्यावरची तारीख त्या कोरड्या पुडीची असते. पाणी पडले की ती तारीख निकामी होते आणि नवी मुदत सुरू होते. ती बहुधा सात दिवसांची असते, काही उत्पादनांवर दहा दिवस लिहिलेले असते, तेही बाटली फ्रिजमध्ये ठेवली तर.

यामागे रसायनशास्त्राचे साधे कारण आहे. ॲमॉक्सिसिलिनच्या रेणूत एक नाजूक कडे असते आणि पाण्यात ते हळूहळू फुटते. क्लॅव्ह्युलॅनेट तर त्याहून लवकर विघटित होते, उन्हाळ्यात ओट्यावर राहिले तर आणखी लवकर. काही जंतू ॲमॉक्सिसिलिन फोडणारे विकर तयार करतात आणि त्या विकराला अडवणे हे क्लॅव्ह्युलॅनेटचे काम. तोच घटक नाहीसा झाला, की बाटलीत ॲमॉक्सिसिलिन शिल्लक असूनही अशा जंतूंपुढे ते हतबल ठरते.

आता हिशेब पाहा. तयार औषध ३० मिली आहे आणि डॉक्टरांनी अडीच मिली दिवसातून दोनदा, पाच दिवस सांगितले. मुलाच्या पोटात २५ मिली गेले आणि बाटलीत ५ मिली उरले. खोक्यावर अजून दीड वर्षाची मुदत दिसते, म्हणून आई ती बाटली जपून ठेवते. दोन महिन्यांनी मुलाचा कान ठणकतो, ताप येतो आणि तेच दोन डोस दिले जातात. रंग, वास, चव सारे पूर्वीसारखे वाटू शकते, म्हणून पाहून काही कळत नाही. औषध कमजोर आणि दोन डोस म्हणजे अर्धवट उपचार. कानातला संसर्ग वाढत राहतो आणि त्यात तगून राहणारे जंतू अधिक चिवट होण्याची शक्यता वाढते. डॉक्टरांकडे जायला मात्र दोन दिवस उशीर झालेला असतो.

इन्सुलिनच्या बाबतीत चूक अंगावर यायला इतका वेळही लागत नाही. इन्सुलिन हे प्रथिन आहे. अति उष्णतेने, गोठण्याने किंवा सतत हिंदकळण्याने त्याचे रेणू एकमेकांना चिकटून निकामी होतात. न उघडलेली व्हायल २ ते ८ अंशांत ठेवली तर छापील तारखेपर्यंत टिकते. पहिल्यांदा सुई टोचली की बहुतेक प्रकारांसाठी साधारण २८ दिवसांची मर्यादा लागू होते. काही प्रकारांना ती जास्त असते, म्हणून सोबतचे माहितीपत्रक वाचावेच लागते.

आपल्याकडे मिळणाऱ्या नेहमीच्या १० मिलीच्या व्हायलमध्ये, प्रति मिली ४० युनिटप्रमाणे, ४०० युनिट असतात. रोज दहा युनिट घेणाऱ्या आजोबांची व्हायल चाळीस दिवस पुरते, पण २८ दिवसांत त्यांची २८० युनिटच संपतात. उरलेली १२० युनिट टाकून देणे कोणाच्याही जिवावर येते, आणि ते समजण्यासारखे आहे. मग साखर चढू लागते. खाण्यात काही चुकले असेल म्हणून डोस वाढवला जातो, आणि नवी, पूर्ण ताकदीची व्हायल उघडल्यावर तोच वाढवलेला डोस साखर धोकादायकरीत्या खाली आणू शकतो. कमजोर इन्सुलिनचा हा दुसरा फटका बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. टाइप १ मधुमेहाच्या मुलाचे सारे आयुष्यच इन्सुलिनवर चालते. त्याला कमजोर इन्सुलिन मिळत राहिले तर रक्तात आम्ल साचून जीव धोक्यात येतो.

बिघाडाच्या काही खुणा दिसतात. रेग्युलर इन्सुलिन पाण्यासारखे नितळ असायला हवे. ढगाळ प्रकार हातात हळुवार घोळवल्यावर सारखा दुधाळ व्हायला हवा. गुठळ्या, तरंगणारे कण किंवा काचेला आतून चिकटलेला पांढरा थर दिसला तर ती व्हायल वापरू नये. बर्फाच्या कप्प्याला लागून गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखे दिसले तरी ते गेलेच असे समजावे. दिसायला स्वच्छ असलेलेही कमजोर असू शकते. नेहमीच्या डोसवर कारण नसताना साखर चढती राहिली, तर आधी व्हायलवर संशय घ्यावा.

मात्र वीज गेली म्हणून घाबरून जाण्याचेही कारण नाही. केनियातल्या दागाहाली निर्वासित छावणीतील तापमान मोजून जिनिव्हा विद्यापीठ आणि डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स यांनी प्रयोग केला. दिवसभरात २५ ते ३७ अंशांत खालीवर होणाऱ्या तापमानात चार आठवडे ठेवूनही इन्सुलिनची ताकद टिकून राहिल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. भारनियमनात सावलीतल्या मातीच्या ओल्या माठात व्हायल ठेवण्याचा जुना सल्ला म्हणूनच शहाणपणाचा आहे. उन्हात उभ्या गाडीतली उष्णता मात्र याहून फार जास्त असते.

डोळ्यांत घालायचे थेंबही उघडल्यावर साधारण महिनाभरच वापरायचे असतात, कारण तिथे जंतूंचा शिरकाव होण्याचा धोका असतो. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायच्या नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्या मूळ बाटलीतून काढून डबीत टाकल्या तर त्यांची ताकद उडून जाते. अशा गोळ्यांवर मुदतीची जोखीम घेऊच नये.

ड्राय सिरपमध्ये पाणी घातले किंवा व्हायलला पहिली सुई टोचली, की तो दिवस पेनने लेबलवर लिहून ठेवा. उरलेले सिरप पुढच्या आजारासाठी ठेवू नका. आणि इन्सुलिनबद्दल शंका आली तर डोस बंद न करता त्याच दिवशी नवी व्हायल आणून डॉक्टरांना कळवा.