सुरुवात चौथ्या भागापासून

‘स्टार वॉर्स’ पहिल्यांदाच पाहायला घेणाऱ्याची गाडी क्रमांकांपाशीच अडते. मुख्य चित्रपट नऊ, त्यांना क्रमांकही एक ते नऊ. मग एकापासूनच सुरुवात करावीशी वाटणार. पण १९७७मध्ये पडद्यावर आलेला मूळ चित्रपट कथेच्या हिशेबाने चौथा आहे. ‘भाग ४’ ही पाटीदेखील त्याला १९८१च्या पुनःप्रदर्शनात लागली. भाग १ ते ३ ही पूर्वकथा. ती आली १९९९ ते २००५ या काळात.

नवख्याने प्रदर्शनाचाच क्रम धरावा, असं माझं ठाम मत आहे: आधी ४, ५, ६, मग १, २, ३ आणि शेवटी ७, ८, ९. कारण पाचव्या भागातल्या एका प्रसंगात दिसतं. ल्यूक एका थोर योद्ध्याच्या शोधात दलदलीच्या ग्रहावर उतरतो. तिथे त्याला हिरव्या कातडीचा, गुडघ्याएवढा एक म्हातारा भेटतो. तो ल्यूकचं सामान उपसतो, त्याचं खाणं चाखतो, दिव्यासाठी हुज्जत घालतो. ल्यूक वैतागतो, आपणही वैतागतो. आणि मग कळतं, योडा तो हाच! माणसाला दिसण्यावरून जोखायची चूक ल्यूकबरोबर प्रेक्षकाच्याही हातून होते, म्हणून तो धडा मनात उतरतो. भाग १ ते ३ आधी पाहिलेल्याला मात्र योडा चांगलाच ओळखीचा असतो. त्याला तलवार चालवतानाही पाहिलेलं असतं. मग या प्रसंगात उरते ती नुसती गंमत.

याच चित्रपटाच्या शेवटी याहून मोठं गुपित फुटतं. ते इथे सांगत नाही, पण तिसरा भाग ते उघड करून टाकतो.

कालक्रमालाही स्वतःची गोडी आहे. एका गुणी तरुणाचा अधःपात त्यात सलग दिसतो. दुसऱ्यांदा पाहताना तो क्रम जरूर धरावा. रॉड हिल्टन या चाहत्याने २०११मध्ये मधला मार्ग सुचवला: ४, ५, २, ३, ६. गुपित फुटल्यावर पूर्वकथा आठवणीसारखी येते आणि मग शेवट. कल्पना सुरेख आहे, फक्त त्यात पहिला भाग गाळावा लागतो.

मालिकेतल्या बाकीच्या कलाकृतींसाठी एकच प्रश्न विचारावा: ही गोष्ट पात्रांची ओळख करून देते, की ती ओळख गृहीत धरते? ‘रोग वन’ (२०१६) चौथ्या भागाच्या उंबरठ्यावर संपतो, म्हणून तो आधी पाहावा असं वाटेल. पण त्याच्या शेवटच्या काही मिनिटांत अंधारातून जो पुढे येतो, त्याची धडकी आधीच्या ओळखीवर उभी आहे. तो ४, ५, ६ नंतरच पाहावा. ‘द मँडलोरियन’चा नायक नवा, त्याची ओळखही नव्याने होते, सहावा भाग संपवून थेट तिकडे वळलं तरी काही अडत नाही.