बंद केलेल्या पेपरचे बिल

घरोघरी पेपर टाकणारा मुलगा आणि महिन्याचे बिल करणारा एजंट या बहुतेक वेळा दोन वेगळ्या व्यक्ती असतात. ‘उद्यापासून पेपर नको’ हे मुलाला दारात सांगितले, तरी एजंटच्या वहीत त्या घरापुढचे नाव तसेच राहते आणि बिल वहीवरून निघते. म्हणून पेपर बंद केल्याचे पत्र एजंटच्या नावे, त्याच्या हाती द्यावे लागते.

समजा, 11 जूनपासून पेपर नको आहे. 8 जूनच्या पत्रात घराचा पत्ता, पेपरचे नाव, ‘10 जूनचा अंक शेवटचा’ हे वाक्य आणि मेपर्यंतचे पैसे दिले असल्याची नोंद एवढे पुरे. पत्राच्या दोन प्रती काढून एकीवर एजंटची सही आणि तारीख घ्यावी. सही द्यायला तो तयार नसेल, तर स्पीड पोस्टने पाठवून पावती जपावी. त्याच्या नंबरवर व्हॉट्सॲपने पाठवलेला मजकूरही उपयोगी पडतो.

तरीही जूनअखेर 150 रुपयांचे बिल आले, तर सगळेच बिल अडवणे चुकीचे. अंक रोज 5 रुपयांचा असेल, तर दहा दिवसांचे 50 रुपये खरेच देणे आहेत. ते यूपीआयने देताना ‘1 ते 10 जून, पूर्ण हिशेब’ असा शेरा लिहावा आणि उरलेले 100 रुपये का अमान्य आहेत, हे पत्राची तारीख देऊन कळवावे.

सर्वात नाजूक प्रश्न दारात पडत राहिलेल्या अंकांचा. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 70 मध्ये नेमके असेच उदाहरण आहे: व्यापाऱ्याने चुकून कोणाच्या घरी माल ठेवला आणि घरच्याने तो आपला म्हणून वापरला, तर त्याला पैसे द्यावे लागतात. त्यामुळे नको असलेला पेपर वाचत राहिले किंवा रद्दीत विकले, की आपलीच बाजू कमकुवत होते. असे अंक बाजूला ठेवून ‘घेऊन जा’ असे त्याच दिवशी लेखी कळवणे सुरक्षित. वर्षाचे पैसे आगाऊ भरलेल्या योजनेत मात्र परताव्याच्या अटी आधी वाचाव्या लागतात.

केबलचे दुखणे थोडे वेगळे. स्थानिक केबलवाल्याने वायर काढली, तरी सिग्नल पुरवणाऱ्या मोठ्या कंपनीच्या यंत्रणेत सेट-टॉप बॉक्स चालूच दिसू शकतो. म्हणून पत्रात ग्राहक क्रमांक आणि बॉक्सवरचा क्रमांक लिहावा, एक प्रत कंपनीच्या ग्राहक सेवेला पाठवून तक्रार क्रमांक घ्यावा. बॉक्स भाड्याचा असेल, तर तो परत केल्याची पावती त्याच वेळी मागावी. नंतर बॉक्सची किंमत बिलात लागली, तर तीच कामी येते.

दोन्ही बाबतींत पत्रानंतरही वसुलीचा तगादा थांबला नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तिथे पत्राची पोहोच, चुकीचे बिल आणि भरलेल्या रकमेचा पुरावा एकत्र जोडावा.