नाशिकची विक्री परस्पर कमी कशी झाली?

घरगुती उपकरणं विकणारी, चार-पाच शहरांत दुकानं असलेली एखादी पेढी घ्या. कोणत्या शहरातल्या ग्राहकांनी किती खरेदी केली, याचा अहवाल मालक दर महिन्याला काढतात. मार्च २०२३चा अहवाल एप्रिलमध्ये छापून फायलीत लागला. पुढच्या जानेवारीत काही कारणाने तोच मार्चचा अहवाल पुन्हा काढला, तर नाशिकचा आकडा कमी भरला आणि पुण्याचा तेवढाच वाढला. मार्च कधीच सरला होता. एकही बिल रद्द झालं नव्हतं, माल परत आला नव्हता. मग आकडे हलले कसे?

चौकशी केली की कारण अगदी साधं निघतं. मधल्या काळात काही ग्राहक नाशिकहून पुण्याला राहायला गेले. त्यांनी नवा पत्ता कळवला आणि काउंटरवरच्या मुलाने संगणकात जुना पत्ता खोडून नवा टाकला. बिलावर पत्ता नसतो, नुसता ग्राहक क्रमांक असतो. अहवाल काढताना संगणक त्या क्रमांकावरून ग्राहकाचा पत्ता पाहतो, आणि त्याला सापडतो तो आजचा पत्ता. त्यामुळे नाशिकमध्ये राहत असताना केलेली खरेदीही पुण्याच्या खात्यात जाते.

काउंटरवरच्या मुलाचं यात काही चुकलेलं नाही. पत्त्याला दोन वेगवेगळे प्रश्न विचारले जातात, ही खरी अडचण आहे. माल पोचवणारा विचारतो, 'ग्राहक आता कुठे राहतो?' हिशेब पाहणारा विचारतो, 'खरेदी केली तेव्हा कुठे राहत होता?' पत्त्याचा एकच रकाना असेल, तर त्यातून एकाच प्रश्नाचं उत्तर मिळतं.

अहवालांसाठी जो वेगळा माहितीसाठा ठेवतात, त्याला डेटा वेअरहाउस म्हणतात. त्यात दोन तऱ्हेची टेबलं असतात. घडलेले व्यवहार, म्हणजे तारीख, वस्तू, रक्कम, हे सगळं फॅक्ट टेबलमध्ये जातं. ते व्यवहार ज्यांच्याशी जोडलेले असतात त्या ग्राहकांची, वस्तूंची, दुकानांची माहिती डायमेन्शन टेबलमध्ये असते. ग्राहकाचा पत्ता हा डायमेन्शनचा भाग. तो रोज बदलत नाही, पण कधीतरी बदलतोच. म्हणून अशा टेबलाला स्लोली चेंजिंग डायमेन्शन, किंवा थोडक्यात एससीडी, म्हणतात. बदल आला की काय करायचं, याच्या तीन पद्धती या क्षेत्रातले अमेरिकन जाणकार राल्फ किंबॉल यांनी १९९६मध्ये 'द डेटा वेअरहाउस टूलकिट' या पुस्तकात मांडल्या. टाइप वनमध्ये जुनं पुसून नवं लिहायचं. टाइप थ्रीमध्ये 'आधीचा पत्ता' असा एक जादा रकाना ठेवायचा. ग्राहकाने दुसऱ्यांदा घर बदललं की पहिला पत्ता त्यातून गळतो. टाइप टूमध्ये जुन्या ओळीतला पत्ता तसाच ठेवून खाली नवी ओळ लिहायची.

शेतजमिनीचे कागद हाताळणाऱ्यांना हे लगेच उमगेल. जमिनीचा मालक बदलला की सातबाऱ्यावरचं जुनं नाव खरवडून काढत नाहीत. त्याला कंस होतो, नवं नाव येतं आणि सोबत फेरफार क्रमांक पडतो. आज जमीन कोणाची आणि आधी कोणाची होती, हे दोन्ही त्यातून शोधता येतं. टाइप टूची रीत हीच, फक्त तिथे फेरफाराच्या जागी तारखा बोलतात.

आता एक ग्राहक जवळून पाहू. त्याचा क्रमांक C1042. एप्रिल २०२१पासून तो नाशिकचा ग्राहक आहे. १४ मार्च २०२३ला त्याने ४,८०० रुपयांचा मिक्सर घेतला. १० जून २०२३ला तो पुण्याला राहायला गेला आणि त्याच दिवशी पत्ता कळवला. दिवाळीच्या तोंडावर, ५ नोव्हेंबरला, त्याने ३२,००० रुपयांचा फ्रिज घेतला. टाइप टू पद्धतीने ठेवलेल्या टेबलात त्याच्या दोन ओळी दिसतात:

```
customer_key  customer_id  city    valid_from  valid_to    is_current
501           C1042        Nashik  2021-04-01  2023-06-10  N
874           C1042        Pune    2023-06-10  9999-12-31  Y
```

ग्राहक क्रमांक दोन्ही ओळींत तोच आहे, कारण माणूस एकच आहे. डावीकडची `customer_key` मात्र वेगळी आहे. तिला सरोगेट की म्हणतात. तो नुसता अनुक्रमांक असतो आणि ग्राहकाला तो कधी कळतही नाही. C1042 हा क्रमांक माणसाची ओळख पटवतो. 501 ही खूण 'नाशिकमध्ये राहणारा C1042' दाखवते, तर 874 ही 'पुण्यात राहणारा C1042' दाखवते. सगळी पद्धत या भेदावर उभी आहे. शेवटची तारीख 9999-12-31 म्हणजे 'अजून चालू'. तो रकाना रिकामा सोडला तर तारखांची तुलना करताना अडचण येते, म्हणून इतकी लांबची तारीख घालण्याचा प्रघात पडला आहे.

पत्ता बदलल्याची खबर आली की संगणकाला दोन कामं करावी लागतात:

```sql
UPDATE dim_customer
SET valid_to = '2023-06-10', is_current = 'N'
WHERE customer_id = 'C1042' AND is_current = 'Y';

INSERT INTO dim_customer
VALUES (874, 'C1042', 'Pune', '2023-06-10', '9999-12-31', 'Y');
```

पहिल्या आज्ञेने चालू ओळ बंद होते, दुसरीने नवी उघडते. ही दोन्ही कामं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बांधावी लागतात, म्हणजे झाली तर दोन्ही होतात, नाहीतर एकही होत नाही. पहिलं झालं आणि दुसऱ्याआधी वीज गेली, तर त्या ग्राहकाला चालू पत्ताच उरत नाही.

फॅक्ट टेबलमध्ये विक्रीची नोंद चढवताना ग्राहक क्रमांक आणि तारीख पाहून त्या दिवशी लागू असलेली ओळ शोधतात आणि तिची `customer_key` नोंदीत लिहितात. त्यामुळे मिक्सरच्या विक्रीवर 501 पडतो आणि फ्रिजच्या विक्रीवर 874. पुढे अहवाल काढताना तारखांचा विचारच करावा लागत नाही. की जुळवली की ४,८०० रुपये नाशिकला आणि ३२,००० पुण्याला आपोआप जातात. मार्चचा अहवाल जानेवारीत काढा नाहीतर दहा वर्षांनी काढा, आकडा तोच येईल. घरपोच सेवेला आजचा पत्ता हवा असेल, तर `is_current` मध्ये Y असलेली ओळ पाहिली की झालं.

ऐकायला हे सोपं वाटतं, पण खाचाखोचा तारखांत आहेत. त्या ग्राहकाने १० जूनलाच २,००० रुपयांचा कुकरही घेतला असेल, तर? वरच्या टेबलात १० जून ही तारीख पहिल्या ओळीचा शेवट आहे आणि दुसरीची सुरुवातही. सुरुवात आणि शेवट दोन्ही दिवस धरून ओळ शोधली, तर दोन्ही ओळी सापडतात आणि एका कुकरची विक्री ४,००० रुपये दिसते. म्हणून नियम असा ठेवतात: सुरुवातीचा दिवस धरायचा, शेवटचा धरायचा नाही. विक्रीची तारीख `valid_from` इतकी किंवा तिच्या नंतरची हवी आणि `valid_to` च्या आधीची हवी. मग कुकर बिनचूक पुण्याला जातो. शेवटची तारीख एक दिवस अलीकडची, म्हणजे ९ जून, लिहायची आणि दोन्ही टोकं धरायची, असंही काही जण करतात. दोन्ही चालतं. अर्ध्या टेबलात एक रीत आणि उरलेल्यात दुसरी, हे मात्र चालत नाही.

याहून अवघड प्रसंग म्हणजे उशिरा आलेली खबर. तोच ग्राहक राहायला गेला १० जूनला, पण पत्ता कळवला २० ऑगस्टला, असं धरू. मधे २५ जुलैला त्याने २,६०० रुपयांचा पंखा घेतला. संगणकाला तोवर फक्त नाशिक माहीत होतं, म्हणून पंख्यावर 501 पडला. आता नव्या ओळीची सुरुवात कोणत्या तारखेपासून धरायची? १० जून धरली, तर ते वस्तुस्थितीला धरून आहे, पण मग पंख्याच्या नोंदीतला 501 काढून 874 घालावा लागेल आणि छापून झालेला जुलैचा अहवाल बदलेल. २० ऑगस्ट धरली, तर जुने अहवाल जागचे हलत नाहीत, पण पंखा कायमचा नाशिकच्या नावावर राहतो. याचा निवाडा संगणक करू शकत नाही, तो धंद्याने करायचा असतो आणि एकदा ठरवून लिहून ठेवायचा असतो. 'ग्राहक केव्हा गेला' आणि 'आपल्याला केव्हा कळलं' हे दोन्ही हवं असेल, तर तारखांची आणखी एक जोडी लागते. साध्या टाइप टूच्या आवाक्याबाहेरचं ते काम आहे.

तिसरी भानगड खोट्या बदलांची. काल 'गंगापूर रोड' लिहिलं होतं, आज कोणी 'गंगापूर रस्ता' लिहिलं. अक्षरं बदलली म्हणून संगणक नवी ओळ उघडतो, पण माणूस तिथेच आहे. त्यामुळे तुलनेआधी पत्ते एका साच्यात आणावे लागतात. पिनकोडमधला एखादा आकडा चुकला असेल, तर ती निव्वळ दुरुस्ती आहे. तिथे टाइप वनच हवा, कारण त्या चुकीच्या पत्त्यावर ग्राहक कधीच राहत नव्हता. शिवाय टेबलातल्या ओळी मोजून कोणी ग्राहकसंख्या सांगितली, तर घर बदललेला प्रत्येक जण दोनदा मोजला जातो. मोजायचे ते वेगवेगळे `customer_id`.

टेबल निरोगी आहे की नाही, हे दोन गोष्टींवरून कळतं. प्रत्येक ग्राहकाची Y असलेली ओळ एकच हवी. आणि त्याच्या ओळी तारखेने लावल्यावर एकीचा शेवट दुसरीच्या सुरुवातीला नेमका भिडायला हवा. मधे फट असेल तर तिथल्या विक्रीला पत्ता मिळत नाही. दोन ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर विक्री दोनदा मोजली जाते. रोज रात्री माहिती चढवून झाली की ही तपासणी लावून ठेवावी.

शेवटी प्रश्न राहतो, किती जपायचं? माणूस कुठे कुठे राहिला याची यादी ही त्याची खासगी माहिती आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे. शहरवार अहवालासाठी शहर आणि पिनकोड पुरतो, जुन्या घराचा क्रमांक आणि मजला लागत नाही. इतिहासाच्या ओळीत तेवढंच ठेवावं आणि पूर्ण पत्ता फक्त चालू ओळीत असावा.

ज्यांच्याकडे डेटा वेअरहाउस नाही, ग्राहकांची यादी साध्या एक्सेलमध्ये आहे, त्यांनाही हे करता येतं. 'पासून', 'पर्यंत' आणि 'चालू' असे तीन रकाने वाढवा आणि ग्राहकाने नवा पत्ता कळवला की जुन्या ओळीत 'पर्यंत'ची तारीख भरून नवा पत्ता खालच्या ओळीत लिहा. हे आजच सुरू करा, कारण आतापर्यंत खोडलेले पत्ते कोणत्याही युक्तीने परत आणता येत नाहीत.