एकच रक्त, दोन रिपोर्ट

बचत गटाच्या बैठकीत आरोग्य तपासणीचे रिपोर्ट निघाले की एक प्रश्न हमखास येतो. गटातल्या एका ताईंचे रक्त एकाच वेळी काढले आणि दोन लॅबमध्ये दिले. एकीने कोलेस्टेरॉल २०४ सांगितले, दुसरीने १९६. दोनशेच्या आत ठीक, दोनशे ते दोनशे एकोणचाळीस म्हणजे काठावर, असे रिपोर्टवर छापलेले असते. म्हणून एका कागदावर ताई आजाराच्या काठावर आणि दुसऱ्यावर ठणठणीत! मग खरे कोणाचे? हे समजायला लॅबमध्ये काय करतात ते आज पाहू.

कोलेस्टेरॉल डोळ्यांना दिसत नाही, म्हणून लॅब त्याचा रंग बनवते. आधी रक्त गोठू देतात आणि नळी मशीनमध्ये गरगर फिरवतात. तांबड्या पेशी खाली बसतात, वर पिवळसर पाणी राहते. त्याला सीरम म्हणतात. त्यातले फक्त १० मायक्रोलिटर, म्हणजे एका थेंबापेक्षाही कमी, १ मिलिलिटर औषधी द्रावणात टाकतात.

या द्रावणात एन्झाइम असतात. भात बराच वेळ चावला की गोड लागतो, ते लाळेतल्या एन्झाइममुळे. प्रत्येक एन्झाइमचे काम ठरलेले असते. इथे तीन एन्झाइम एकामागे एक कामाला लागतात. रक्तातले सुमारे ७० टक्के कोलेस्टेरॉल चरबीच्या आम्लाला जोडलेले असते, ते पहिला एन्झाइम सोडवतो. दुसरा या सुट्या कोलेस्टेरॉलवर काम करतो आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. जखमेवर ओतल्यावर फेस येतो ना, तेच औषध, पण अगदी थोडे. तिसरा एन्झाइम त्या पेरॉक्साइडच्या मदतीने द्रावणातल्या बिनरंगी रसायनांचा लालसर रंग करतो. ३७ अंश तापमानाला पाच-दहा मिनिटांत रंग पूर्ण चढतो. कोलेस्टेरॉल जास्त, तर रंग गडद. कोकम सरबतासारखेच.

रंग किती गडद, हे माणूस नजरेने ठरवत नाही. मशीन त्यातून प्रकाश सोडते आणि किती अडला याचा आकडा देते. पण त्या आकड्याला अर्थ यायला माप लागते. म्हणून लॅब आपल्याला ठाऊक असलेले एक द्रावण सोबत तपासते. त्याला स्टँडर्ड म्हणतात. समजा त्यात कोलेस्टेरॉल २०० आहे.

आता ताईंचा हिशेब मांडू. पहिल्या लॅबमध्ये स्टँडर्डचा आकडा ०.२५० आला आणि ताईंचा ०.२५५. ०.२५५ ला ०.२५० ने भागून २०० ने गुणले, की २०४. दुसऱ्या लॅबमध्येही ताईंचा आकडा ०.२५५च, पण तिथे स्टँडर्ड ०.२६० आला. उत्तर १९६. रक्त तेच, ताईंचा रंगही तोच. फक्त मापाचा दगड किंचित वेगळा.

माप का बदलते? प्रत्येक लॅबचे स्टँडर्ड, द्रावण आणि मशीन वेगळ्या कंपनीचे असू शकते. शिवाय १० मायक्रोलिटर उचलताना अर्धा मायक्रोलिटर जास्त आला, तर रंग जवळपास ५ टक्के वाढतो. दोनशेचे दोनशे दहा होतात! तापमान कमी असले किंवा वेळेआधी मोजले, तर रंग पुरता चढत नाही. काही कारणे रक्तातही असतात. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या घेतल्या असतील तर ते पेरॉक्साइड खाऊन टाकते, रंग फिका पडतो आणि आकडा कमी दिसतो. काढताना पेशी फुटून सीरम लालसर झाले, तरी आकडा बिघडतो.

म्हणून २०४ आणि १९६ यांत भांडण नाही. हा फरक ४ टक्क्यांचा आहे, आणि चांगल्या लॅबमध्येही एवढा पडू शकतो. पण एकीकडे १९० आणि दुसरीकडे २५० आले, तर तो किंचित फरक नव्हे. तिथे पुन्हा तपासणी करावी.

चांगली लॅब आपली चूक स्वतःच शोधते. ती रोज कंट्रोल नावाचा, उत्तर आधीच ठाऊक असलेला नमुना चालवते. त्याचे उत्तर ठरलेल्या हद्दीबाहेर गेले, तर त्या दिवशीचे रिपोर्ट थांबवते. "तुम्ही रोज कंट्रोल लावता का?" असे आपण बेलाशक विचारावे.

आता गोष्ट महत्त्वाची. त्या ताईंनी १९६ पाहून गोळी बंद करायची ठरवली होती. पण १९६ हा आकडा गोळी चालू असतानाचा होता! शिवाय डॉक्टर एकट्या आकड्यावर गोळी ठरवत नाहीत. रक्तदाब, साखर, वय, तंबाखू हेही पाहतात. गोळी सुरू असेल तर दर वेळी एकाच लॅबमध्ये तपासा, म्हणजे मापाचा दगड शक्यतो तोच राहील आणि वाढले की उतरले ते कळेल. जुने रिपोर्ट फाइलमध्ये ठेवा, आणि कोणत्याही गोळ्या घेत असाल तर रक्त देतानाच सांगा.