रिंगमधला फोटो फसवतो!

समजा, तुमच्या अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या कॉलेजात गॅदरिंगला भरतकामाची स्पर्धा आहे आणि ग्रुपवर दोन नमुन्यांचे फोटो आलेत. दोन्हींत सुती कापडावर साखळी टाक्यानं भरलेलं ६ सेंमी व्यासाचं वर्तुळ. पहिलं अजून रिंगमध्येच आहे, एकदम चकाचक. दुसरं रिंगमधून काढून टेबलावर ठेवलंय, जरा चुरगळलेलं. तुमचं मत कुणाला? बहुतेक पहिल्यालाच. पण रिंगमध्ये ताणलेलं कापड निम्मे दोष झाकून टाकतं, हे लक्षात घ्या.

दोघींनाही नवा फोटो मागा. कापड रिंगमधून काढलेलं, मोबाइल बरोबर वर धरलेला, खिडकीचा उजेड एका बाजूनं आणि शेजारी कागदाचा ५ सेंमीचा चौरस. हा चौरस फार कामाचा. फोटोत तोही वाकडा दिसला, तर मोबाइल तिरपा होता. चौरस नीट आणि वर्तुळच लांबट, तर गडबड कापडात आहे.

आता पहिल्या नमुन्याकडे बघा. एका तिरक्या दिशेनं वर्तुळ ५.७ सेंमी भरतं, दुसऱ्या तिरक्या दिशेनं ६.२. असं का झालं? सुती कापड उभ्या-आडव्या धाग्यांच्या दिशेनं फारसं ताणत नाही, तिरकं ओढलं की मात्र चांगलंच ताणतं. रिंगमध्ये ते तसं ओढलं गेलं आणि डिझाइन नंतर छापलं. रिंग काढल्यावर कापड जागेवर आलं, वर्तुळाचं अंडं झालं. बाजूच्या उजेडात टाक्यांलगत बारीक सुरकुत्यांची सावलीही दिसते. म्हणजे दोराही जास्त आवळलाय.

टाके मोजायचे तर २-२ सेंमीचे तुकडे पाडा. दुसऱ्या नमुन्यात प्रत्येक तुकड्यात ७ किंवा ८ टाके येतात, पहिल्यात कुठे ५, कुठे ९. इथं निकाल स्पष्ट आहे. वर्तुळाचा बाक सगळीकडे सारखा असतो, म्हणून ही मोजणी चालते. पानाच्या टोकाशी ती लावू नका. तिथं वळण तीव्र असल्यानं टाके मुद्दाम लहान घ्यावे लागतात, नाहीतर रेघ कोनाकोनांची दिसते.

आणि एंट्री बंजारा भरतकामाची असेल तर? वाशीमच्या पोहरादेवीपासून आपल्याकडच्या तांड्यांपर्यंत ही कला आहे. ते काम बहुतेक वेळा रिंग न लावता, हातात धरूनच करतात. त्यामुळे टाक्यांत थोडं उन्नीस-बीस असणारच, त्यासाठी मार्क कापणं मला तरी पटत नाही. तिथं फोटो मोठा करून आरशाची कड बघा. आरसा आधी धाग्याच्या जाळ्यात पकडतात आणि मग त्याभोवती गोल टाके घालतात. जाळं सैल राहिलं की आरसा सरकतो आणि एका बाजूनं त्याची काचेची कड उघडी दिसते.